हाथ-हात, भूख-भूक, धोखा-धोका : मराठीतला दुसरा ‘ह’ जातो कुठे?

रेवाकाठ
नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरला राहतो, घरात मराठी आणि लेकीची शाळा हिंदी. ती चौथीत आहे. परवा हिंदीच्या पेपरात तिनं ‘हात’, ‘भूक’ आणि ‘धोका’ असं लिहिलं आणि तिन्हीचे गुण गेले. संध्याकाळी आजीला मराठीत चिठ्ठी लिहिली तर त्यात ‘हाथी’ लिहिलं, आजीनं तेही खोडलं. लेक रडकुंडीला आली, म्हणे दोन्हीकडे माझंच चुकतं.

मग मी कागद घेऊन दोन याद्या समोरासमोर लिहिल्या. हिंदी हाथ, हाथी, भूख, भीख, धोखा, धंधा, ढीठ, खंभा. मराठी हात, हत्ती, भूक, भीक, धोका, धंदा, धीट, खांब. प्रत्येक हिंदी शब्दात ह किंवा ह मिसळलेलं अक्षर दोनदा येतंय आणि मराठीत त्यातलं दुसरं साधं झालंय. हा योगायोग नक्कीच नाही.

थोडं वाचल्यावर कळलं की शब्दात दोन सारखे आवाज असले की त्यातला एक बदलतो, त्याला विषमीकरण म्हणतात, आणि उलटं, म्हणजे वेगळे आवाज एकमेकांसारखे होतात, ते समीकरण. तिथेच असंही होतं की समीकरण जगभर सगळीकडे सापडतं आणि विषमीकरण त्या मानानं फार कमी. तर माझे प्रश्न दोन. मराठीतलं हे खरंच विषमीकरण आहे का? आणि ते कमी का असावं? मला तर वाटतं एकच आवाज दोनदा काढायचा कंटाळा येणं साहजिक आहे, मग ते जास्त व्हायला हवं ना.

अर्धाकप
ताई, हे इतकं अवघड नाहीये. मराठी माणूस शब्दाच्या शेवटी जोर सोडून देतो, बस. आम्ही घरी ‘दूद’ म्हणतो, ‘वाग आला’ म्हणतो. लिहिताना दूध आणि वाघ लिहितो एवढंच. भूक आणि हात लिहिण्यातसुद्धा तसेच आले, बाकीचे राहिले. हिंदीवाले शेवटपर्यंत श्वास सोडतात, आपण सोडत नाही.

शून्यापुढे
मी ‘समीकरण’ बघून गणिताचा धागा समजून आलो होतो :) पण आता आलोच आहे तर वाचतो.

पाटीपेन्सिल
रेवाकाठ, लेकीला सांगा की तिची एकही चूक कानाची नव्हती. मी बत्तीस वर्षं संस्कृत शिकवलं आणि हा प्रश्न विद्यार्थ्यांनी वेगळ्या रूपात दरवर्षी विचारला. धा धातूचं रूप ‘दधाति’ का, ‘धधाति’ का नाही? भी चं ‘बिभेति’, भू चं ‘बभूव’. धातूचं पहिलं अक्षर दोनदा म्हणायचं असतं, पण दोनदा महाप्राण, म्हणजे तुमचं ते ह मिसळलेलं अक्षर, म्हणायचा नाही, पहिला अल्पप्राण, म्हणजे साधा, करायचा. पाणिनीचं सूत्रच आहे त्यासाठी, ‘अभ्यासे चर्च’.

पण गंमत बघा, संस्कृतात पहिला महाप्राण जातो आणि तुमच्या मराठी यादीत दुसरा जातोय. याचं उत्तर माझ्याकडे नाही.

कोरडवाहू
आमच्याकडं शेतात असे शब्द भरपूर हायत, ह चे नाहीत पण सारख्या आवाजाचे. एका मास्तरांनी सांगितलेलं आठवतंय. नांगर म्हणजे संस्कृतात लांगल. दोन ल होते, एकाचा न झाला, एकाचा र झाला. हळद म्हणजे हरिद्रा, दोन र होते, पहिल्याचा ल होऊन मग ळ. लोणी म्हणजे नवनीत, पहिल्या न चा ल. कडुलिंबातला लिंब म्हणजे निंब. आणि आमचा म्हातारा नंबर ला आजबी लंबर म्हणतो, ‘डीपीचा लंबर लागला का’ असं विचारतो, ते पण त्यातलंच असणार. नुकसान चं नुसकान पण त्यातलंच का?

ध्वनिलहर
कोरडवाहूंची यादी फार सुंदर आहे, फक्त नुसकान वेगळं, तिथे क आणि स नी जागा बदलल्या, आवाज तेच राहिले. लंबर मात्र अस्सल नमुना आहे, कारण तो निंब-लिंब सारखाच आहे: न आणि म दोन्ही नाकातले, पहिल्यानं नाक सोडलं आणि ल झाला. हजार-दीड हजार वर्षांपूर्वी जे झालं तेच तुमच्या वडिलांच्या तोंडी एका इंग्रजी शब्दाचं झालं.

आता मूळ प्रश्न. अर्धाकप म्हणतात ते निम्मं बरोबर आहे. बोलताना शब्दाच्या शेवटचा महाप्राण मराठीत खरंच ढिला पडतो. पण तेवढंच कारण असतं तर दोन गोष्टी दिसायला हव्या होत्या. एक, ‘धंदा’, ‘धोका’, ‘खांदा’ मध्ये तो शब्दाच्या शेवटी नाहीच, पुढे आ आहे, तरी गेला. दोन, शेवटी असलेले सगळेच जायला हवे होते. म्हणून एकाच साच्यातले शब्द शेजारी ठेवून बघायचं. संस्कृतातल्या ‘स्त’ चा प्राकृतात ‘त्थ’ झाला. मस्तक चं मत्थअ आणि मराठीत माथा. पुस्तिका ची पोथी. दोन्हीत थ टिकला. हस्त चं हत्थ, आणि मराठीत हात. हस्ती चा हत्ती. इथे थ गेला. साचा एकच, फरक एवढाच की हात आणि हत्तीत सुरुवातीला ह आहे. ह म्हणजे नुसता श्वासच.

तिखटमीठ
म्हणजे माझ्या नावात पण आहे का काही? तिखट आणि मीठ?

ध्वनिलहर
आहे की! मीठ हा मृष्ट पासून, पीठ पिष्ट पासून, मूठ मुष्टि पासून, या सगळ्यांत ‘ष्ट’ चा ‘ठ’ झाला आणि टिकला, कारण सुरुवातीला म आणि प आहेत. आता धृष्ट घ्या. तोच ‘ष्ट’, पण आधी ध आहे. मराठीत धीट.

पाटीपेन्सिल
आता मलाही राहवत नाही. ‘क्ष’ घ्या. कक्षा ची काख, रक्षा ची राख, लक्ष चे लाख. ख टिकला. भिक्षा ची भीक, बुभुक्षा ची भूक. ख गेला, कारण आधी भ आहे.

‘म्भ’ घ्या. कुंभकार चा कुंभार, जृंभा ची जांभई. भ टिकला. पण स्कम्भ चा खांब आणि स्तम्भ वरून थांबणे, तिथे भ चा ब. आणि ‘न्ध’ मध्ये बांधणे, रांधणे, आंधळा, सांधा सगळीकडे ध शाबूत, फक्त स्कन्ध चा खांदा. खांदा आणि सांधा या दोन शब्दांत एका अक्षराचा फरक आणि तेवढ्यानं ध चा द. आयुष्यभर दोन्ही शब्द वापरले, हे कधी दिसलं नव्हतं.

आणि हठ! आपण ‘हठयोग’ म्हणतो तेव्हा संस्कृत शब्द जसाच्या तसा घेतो, पण पोर रुसलं की ‘हट्ट’ करतं.

अर्धाकप
खांदा-सांधा मान्य. माझं म्हणणं मागे घेतो, निदान अर्धं. पण मग हिंदीत कंधा कसं? तिथे तर ध आहे आणि ख चा क झालाय.

रेवाकाठ
अरे हो, हे मी यादीत घेतलंच नव्हतं, कारण तिथे हिंदीत एकच ह दिसत होता!

ध्वनिलहर
खंध मध्ये दोन होते. मराठीनं दुसरा सोडला, हिंदीनं पहिला सोडला. तसंच युध्यते वरून प्राकृतात जुज्झ, हिंदीत जूझना, मराठीत झुंजणे. मराठीत श्वास पहिल्या अक्षरावर जाऊन बसला. मराठीला तो शब्दाच्या तोंडाशीच हवा असतो असं दिसतं. संस्कृतात पहिला जातो आणि मराठीत दुसरा, याचं पटेल असं एक कारण मला कुठे मिळालेलं नाही. काही जण म्हणतात मराठीत पहिल्या अक्षरावर जोर, म्हणून तो सुरक्षित. मला ते पूर्ण पटत नाही, कारण हिंदीतही भूख आणि हाथ वर जोर तिथेच आहे आणि तिथे काहीच गेलं नाही.

शून्यापुढे
संस्कृतातलं ते दधाति वाचून एक नाव आठवलं. ग्रासमान. आम्ही त्याला रेषीय बीजगणितासाठी ओळखतो, सदिशांचं जे काही शिकवतात त्याच्या मुळाशी त्याचं काम आहे. हयातभर शाळामास्तर होता, गणितज्ञांनी फारसं विचारलं नाही, मग संस्कृताकडे वळला आणि ऋग्वेदाचा अख्खा शब्दकोश केला. महाप्राणांचा नियम पण त्याच्याच नावावर आहे ना? तोच का हा माणूस?

पाटीपेन्सिल
तोच, हेर्मान ग्रासमान, निबंध 1863 चा. अडचण काय होती ते सांगतो. संस्कृत भ ला इंग्रजीत ब येतो, भ्राता-ब्रदर, भरति-बेअर. पण बन्ध् ला बाइंड. इथे संस्कृतातच ब आहे, मग इंग्रजीत ब कसा? तो प यायला हवा होता. लोक याला अपवाद म्हणून सोडून देत. ग्रासमाननं सांगितलं की अपवाद इंग्रजीत नाही, संस्कृतात आहे. मूळ शब्द भन्ध् असणार, दोन महाप्राण होते, संस्कृतानं पहिला सोडला. ग्रीकनंही तेच स्वतंत्रपणे केलं.

आणि पुरावा आमच्या रूपावलीत कायम होता. बन्ध् चा भविष्यकाळ ‘भन्त्स्यति’. बुध् चा ‘भोत्स्यते’, दुह् चा ‘धोक्ष्यति’, दह् चा ‘धक्ष्यति’. पुढे स आल्यामुळे शेवटचा महाप्राण गेला, की सुरुवातीचा परत येतो, कारण आता तो एकटाच आहे! पाणिनीनं हे उलट्या बाजूनं मांडलं, ब चा भ होतो असं. मुलं ही रूपं पाठ करताना वैतागायची. मला तेव्हा हे असं सांगता आलं असतं तर.

बोस्टनकाठ
आमच्याकडचा अनुभव. मुलगा इथेच वाढला, तो ‘सप्राइज’ म्हणतो, ‘फेब्युएरी’ म्हणतो, पहिला र गायब. मी दोनदा र म्हणायला लावायचे, उच्चार सुधार म्हणून मागे लागायचे. नंतर लक्षात आलं की त्याच्या शिक्षिका पण तसंच म्हणतात आणि र बाकी कुठेही खात नाहीत. शब्दात दोन र असले की पहिला पडतो. हे तेच ना?

आणि ‘कर्नल’? स्पेलिंग मध्ये ल आणि बोलताना र. लहानपणापासून छळलंय त्या शब्दानं.

ध्वनिलहर
तेच. कर्नलची गोष्ट तर नमुनेदार आहे. इटालियनमध्ये तो कोलोनेल्लो, दोन्हीकडे ल. फ्रेंचमध्ये एक रूप झालं कोरोनेल, पहिल्या ल चा र. इंग्रजीनं ते घेतलं, पुढे पंडितांनी मूळ इटालियन बघून स्पेलिंग ल चं केलं पण जिभेवर र च राहिला. लॅटिनमध्ये याचा पक्का नियमच होता. ‘चा’ या अर्थी प्रत्यय आलिस, त्यातून नेव्हल आलं. पण शब्दात आधी ल असेल तर आरिस, म्हणून सोलर, लूनर, पॉप्युलर. आणि मध्ये र आला तर पुन्हा आलिस, म्हणून फ्लोरल आणि प्लूरल, त्यात आधी ल असूनही. आपण ही इंग्रजी विशेषणं रोज वापरतो आणि त्यातले ल-र का बदलतात हे दोन हजार वर्षांपूर्वीच्या कानांनी ठरवलेलं आहे.

शुद्धपान
धाग्याचा मुद्दा भरकटतोय. शुद्धलेखनाच्या नियमाप्रमाणे मराठीत भूक आणि हात हेच बरोबर, विषय संपला. मुलीला नियम शिकवा, लॅटिन कशाला.

रेवाकाठ
शुद्धपान, काय लिहायचं ते तिला आता येतं. मला ‘असं का’ हवंय. आणि माझा दुसरा प्रश्न अजून कुणी घेतलाच नाही, हे कमी का होतं? इथे तर यादी वाढतच चाललीय, मग कमी कसं म्हणायचं?

कोरडवाहू
मला वाटतं सारखे दोन आवाज एका शब्दात येणंच कमी असतंय. कच्चा पापड पक्का पापड सारखं कोण रोज बोलतंय?

ध्वनिलहर
कोरडवाहूंनी पहिलं कारण नेमकं पकडलं. समीकरणाला फक्त दोन आवाज शेजारी हवेत, आणि शेजार तर प्रत्येक शब्दात असतो. ‘पाच जण’ भरभर म्हणून बघा, ‘पाज्जण’ होतं. ‘एक गाडी’ ची ‘एग्गाडी’. पुढच्या आवाजासाठी जीभ आणि गळा आधीच तयारीला लागतात, दोन हालचाली एकमेकींवर चढतात. हे कुणी ठरवून करत नाही, आत्ता हे वाचणारा प्रत्येक जण दिवसातून शेकडो वेळा करतो. सप्त चं सत्त, भक्त चं भत्त, कर्म चं कम्म, असे प्राकृतातले जोडाक्षरांचे ढीग असेच वितळले, शब्द कुठला आहे हे न बघता.

विषमीकरणात तोंडाला असा फायदा दिसत नाही. नवनीत मधला न काढायला अवघड होता असं नाही, नाक शब्दाला न आहेच. म्हणून जॉन ओहाला नावाच्या ध्वनिशास्त्रज्ञानं 1981 मध्ये एक मत मांडलं की हा बदल बोलणाऱ्याच्या तोंडात होत नाही, ऐकणाऱ्याच्या कानात होतो. आपण ऐकताना सतत दुरुस्ती करत असतो. समोरचा ‘पाज्जण’ म्हणाला तरी आपल्याला ‘पाच जण’ च कळतं, कारण च चा ज का झाला याचा हिशेब डोकं आपोआप करतं. आता कधीतरी ही दुरुस्ती जास्तच होते. ‘भूख’ ऐकलं. भ चा श्वास पुढच्या ऊ वर सांडतोच, ऊ पण जरा धुरकट ऐकू येतो. मग पुढे ख मध्ये जो श्वास ऐकला, तोही पोराच्या डोक्यानं त्या भ च्या खात्यावर टाकला, आणि शब्द ‘भूक’ आहे असं धरलं. मोठा झाल्यावर तो भूकच म्हणणार.

म्हणून हे कमी. त्यासाठी शब्दात तोच गुण दोनदा हवा, तो गुण लांब पसरणारा हवा, आणि शिवाय ऐकणाऱ्याची दुरुस्ती चुकायला हवी. बहुतेक वेळा ती चुकत नाही.

तिखटमीठ
लांब पसरणारा म्हणजे?

ध्वनिलहर
बोला ‘अरा’ आणि ‘अता’. त चा परिणाम स्वराच्या टोकाला जेमतेम लागतो. र मात्र आधीच्या नंतरच्या स्वरांना रंग देतो. ल, नाकातले आवाज, महाप्राण, सगळे असेच सांडणारे. आता या धाग्यात गोळा झालेले शब्द बघा: र, ल, न, आणि ह. त दोनदा आला म्हणून एक त बदलला, असं उदाहरण कुणीच आणलं नाही. ‘पापड’ मधल्या दोन प ना काही झालं नाही, ‘काका’ तसाच आहे.

आणखी एक खूण आहे. समीकरणातून नवा आवाज जन्माला येऊ शकतो. दन्त आणि पञ्च मधला नाकातला आवाज आधीच्या आ मध्ये मुरला आणि स्वतः गेला, म्हणून जुनी माणसं दांत, पांच असा अनुस्वार द्यायची. विषमीकरणातून जे येतं ते भाषेत आधीपासूनच असलेलं असतं, न चा ल, र चा ल, ख चा क. ऐकणारा दुरुस्ती करतोय ना, मग तो ओळखीच्याच आवाजाकडे दुरुस्त करणार. आणि ज्या आवाजामुळे हे झालं तो शब्दात हजर राहतो. भूक मध्ये भ आहे. तो पण गेला असता तर श्वास कुणाच्या खात्यावर टाकणार होतो?

पाटीपेन्सिल
हे मत आवडलं, पण एक शंका आहे आणि ती मला महत्त्वाची वाटते. भ घोष आहे, म्हणजे तो म्हणताना गळा कंप पावतो, त्याचा श्वास पुढच्या स्वरात मिसळतो हे खरं. पण ख अघोष, तिथे कंप नाही. त्याचा श्वास क सुटल्यानंतर बाहेर पडतो, म्हणजे मधला स्वर आणि क दोन्ही संपल्यावर. तो भ पासून आला असं कान कसं समजेल? मध्ये अख्खा क बंद आहे. जुन्या रूपात तर भुक्खा, दुहेरी क.

ध्वनिलहर
सर, हाच या मताचा सगळ्यात कच्चा सांधा आहे आणि मी तो टाळून गेलो होतो. खांब, खांदा, धंदा मध्ये ते पटतं कारण ब आणि द घोष आहेत, आधी अनुनासिक आहे, श्वास मधून वाहत येतो अशी कल्पना करता येते. भूक, हात, धीट साठी नाही पटत. दुसरं मत असं की एकाच शब्दात तीच हालचाल दोनदा आखताना मेंदू अडखळतो, जीभ वळत नाही म्हणतो ना तसं, आणि एक वेळ गाळतो. कोरडवाहूंचा पापड म्हणजे त्याचाच पुरावा म्हणून देतात. पण मग ‘काका’ आणि ‘पापड’ सुरक्षित का, याचं उत्तर त्या मताला देता येत नाही. कदाचित दोन्ही कारणं वेगवेगळ्या शब्दांत असतील.

अर्धाकप
मग माझं मत पण यात घ्या ना. शेवटचा महाप्राण मराठीत ढिला होताच. दूध, वाघ मध्ये ढिला असला तरी लोकांनी तो धरून ठेवला कारण शब्दात तेवढाच एक. भूख मध्ये आधीच एक भ खणखणीत आहे, मग दुसरा ढिला कुणाच्या लक्षात राहणार?

ध्वनिलहर
हे चांगलं आहे. खरंच. जोरकस पहिला आणि ढिला दुसरा, मग दुसरा जाणार. मराठीत दुसराच का जातो याचंही अर्धं उत्तर यात आहे. धंदा-धोका ना अजून दुसरं काही लागेल, पण भूक-हात-धीट साठी मी हे धरून चालेन.

बोस्टनकाठ
खडखड, धडधड, थरथर, भरभर? दोन-दोन महाप्राण आणि सगळे ठणठणीत. ठणठणीत पण!

पाटीपेन्सिल
ते नक्कल करणारे शब्द, तिथे दुसरा भाग पहिल्यासारखाच ऐकू यावा हाच हेतू आहे. ‘धडदड’ म्हटलं तर दार वाजणारच नाही. पण ‘घर्घर’ वरून आलेला घाघरा बघा. ती वस्तू झाली, नक्कल विसरली, आणि मराठीत तो ‘घागरा’ झाला.

रेवाकाठ
मंडळी, दोन दिवस येता आलं नाही. धागा लेकीला वाचून दाखवला, लॅटिन सोडून. ती आता घरभर शब्द शोधत फिरतेय. कथकच्या वर्गातून आली आणि ओरडत आली की आई ‘घुंघरू’! मराठीत घुंगरू. मग आजीनं सांगितलं घूँघट चा घुंगट. मग देवघरातली झांज उचलून म्हणाली हिंदीत झाँझ. एका संध्याकाळी तीन. हिंदी-मराठीची वही केलीय, डावीकडे दोन ह आणि उजवीकडे एक.

पण आज तिनं मला अडकवलं. म्हणाली, आई, ‘समझना’ चं ‘समजणे’ का? त्यात आधी ह कुठे आहे? मग तिनंच आणखी काढले, सीखना-शिकणे, सूखा-सुका, साँझ-सांज. चारही शब्दांत एकच महाप्राण आणि तोही मराठीत गेला. नियम मोडला ना?

ध्वनिलहर
मोडला, आणि तिनं अगदी योग्य जागी मोडला. चारही शब्द स किंवा श नं सुरू होतात हे तिनं बघितलं का? स मध्येही गळा उघडा असतो आणि श्वास जोरात वाहतो. म्हणून स हा ह सारखाच मोजला गेला असेल असं म्हणायचा मोह होतो. हस्त च्या स नंच तर त चा थ केला होता.

पाटीपेन्सिल
मोह आवरा. साठ, सुंठ, सांधा, सांभाळणे. चारही स नं सुरू, चौघांचेही महाप्राण जागेवर.

अर्धाकप
सांज आणि समज मध्ये झ आहे, तो मराठीत तसाही कमजोर. मध्य चं माज, माजघर मधलं. गुह्य चं गूज. तिथे तर स पण नाही आणि झ गेलाच.

पाटीपेन्सिल
पण माझा, ओझं, वांझ?

अर्धाकप
हं. आणि शिकणे-सुका मध्ये झ नाहीच.

ध्वनिलहर
म्हणजे ख आणि झ, स नंतर जातात. ठ, ध आणि भ, स नंतर राहतात. निदान या आठ शब्दांत. आठ शब्दांवर नियम बांधायला मी धजणार नाही. रेवाकाठ, वहीत एक तिसरा रकाना करायला सांगा, स नं सुरू होणाऱ्यांचा. माझ्याकडे या क्षणी याचं उत्तर नाही.

कोरडवाहू
आमच्याकडं सुकं खोबरं म्हणतेत आणि सुखं नाही, ते लिहून घ्या तिच्या वहीत. आणि म्हाताऱ्याला विचारून अजून स चे शब्द आणतो, त्याला जुने लई येतेत.